पहिला उमेदवार आत येण्याआधी

तालुक्याच्या गावातली एखादी नागरी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. सात शाखा आहेत आणि त्यांतल्या एका शाखेला व्यवस्थापक हवा आहे. जाहिरात दिली, अर्ज आले, छाननी झाली, सहा जणांना मुलाखतीची पत्रं गेली. मुलाखत घेणारे चौघं आहेत : संस्थेचे अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी, एक संचालिका आणि बाहेरून बोलावलेले एक निवृत्त बँक अधिकारी. साडेदहाची वेळ दिलेली असते. चौघं सव्वादहाला जमतात, चहा होतो, अर्जांच्या प्रती हातात पडतात. पहिला उमेदवार दारातून आत येतो तेव्हा कोणीतरी त्याच्या अर्जाचं पहिलंच पान वाचत असतं आणि म्हणतं, "हं, स्वतःबद्दल सांगा."

या चौघांच्या मनात त्या क्षणी चार निरनिराळे व्यवस्थापक असतात. अध्यक्षांना थकबाकी वसूल करणारा खमक्या माणूस हवा असतो. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना दप्तर चोख ठेवणारा, लेखापरीक्षणात शेरा येऊ न देणारा हवा असतो. संचालिकेला काउंटरवर आलेल्या बायाबापड्यांशी नीट बोलणारा हवा असतो, तर निवृत्त अधिकाऱ्यांची नजर कर्जाची पारख कितपत आहे यावर असते. चारही अपेक्षा रास्त आहेत. पण त्या एकमेकांना कोणी सांगितलेल्या नसतात. दुपारी गुणांची बेरीज होते ती चार वेगळ्या पदांसाठी दिलेल्या गुणांची. त्या बेरजेतून जो वर येतो, तो बहुधा कोणालाच फारसा न खटकलेला उमेदवार असतो.

यावरचा उपाय म्हणजे मुलाखतीआधीची समितीची बैठक. तासाभराची, शक्यतो आदल्या दिवशीची. मुलाखतीच्या सकाळीच ठेवली तर प्रश्न बदलायला, छापायला, एखादा सदस्य बदलायला वेळ उरत नाही. सकाळी हवीत फक्त उजळणीची दहा मिनिटं. या बैठकीत नेमकं काय करायचं, ते याच पतसंस्थेच्या उदाहरणावरून पाहू.

सुरुवात प्रश्नांपासून करू नये. आधी कामाबद्दल बोलावं. हा व्यवस्थापक येत्या वर्षभरात रोज काय करणार आहे? कर्जाचे अर्ज तपासून शिफारस करणार, थकलेल्या खात्यांच्या मागे लागणार, संध्याकाळी रोकड जुळवणार, पिग्मी एजंटांचा भरणा पाहणार, सभासदांच्या तक्रारी ऐकणार. या यादीतून मुलाखतीत तपासता येतील असे चारच निकष काढायचे : कर्जाची पारख, वसुलीची हातोटी, रोजच्या व्यवहारांवरचं नियंत्रण आणि सभासदांशी वागणं. चारांपेक्षा जास्त निकष अर्ध्या तासात तपासून होत नाहीत. आठ-दहा रकाने असलेला गुणतक्ता समोर आला की माणसं शेवटचे रकाने अंदाजाने भरतात.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "पण माणूस प्रामाणिक हवा." खरंच हवा. मात्र तो प्रामाणिक आहे की नाही हे मुलाखतीच्या खोलीत कळत नाही. नजर मिळवून बोलण्यावरून प्रामाणिकपणाला गुण दिले तर ते सराईत बोलणाऱ्याच्या पदरात पडतात. ते काम आधीच्या संस्थेकडे चौकशी करून, कागदपत्रं पडताळून करायचं असतं. तेव्हा तो निकष गुणतक्त्यातून काढायचा आणि पडताळणीच्या यादीत टाकायचा. 'व्यक्तिमत्त्व' आणि 'स्मार्टनेस' हे रकानेही माझ्या मते काढूनच टाकावेत. त्यात काय मोजायचं हे दोन सदस्यांना विचारा, दोन वेगळी उत्तरं मिळतील.

मग प्रत्येक निकषाला एक मुख्य प्रश्न. सहाही उमेदवारांना तोच, त्याच शब्दांत. कर्जाच्या पारखीसाठी प्रश्न असा ठरला समजा : "तुम्ही शिफारस केलेलं एखादं कर्ज पुढे थकलं असेल, तर ते सांगा. तपासताना तुम्ही काय काय पाहिलं होतं, आणि काय सुटलं?" हा प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल विचारतो, म्हणून चांगला आहे. "चांगल्या कर्जदाराची लक्षणं कोणती?" असं विचारलं की पुस्तकातली यादी ऐकायला मिळते. सोबत दोन उपप्रश्न लिहून ठेवायचे : "परतफेडीची ताकद कशी तपासली?" आणि "त्यानंतर तुमच्या पद्धतीत काय बदललं?" उत्तर अर्धवट राहिलं तर हे दोन विचारायचे. सहा मुलाखतींत सहा वेगळ्या दिशांना भरकटायला मोकळीक ठेवायची नाही, कारण एकाला मदतीचे तीन प्रश्न मिळाले आणि दुसऱ्याला एकही नाही, तर दोघांच्या गुणांची तुलनाच होत नाही.

यात मुलाखतीचा जिवंतपणा जातो, अशी तक्रार जुनी आहे. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या डॅनिएल कानमन यांनी १९५५ च्या सुमारास, एकविसाव्या वर्षी, इस्रायलच्या सैन्यात नव्या भरतीच्या मुलाखतींची पद्धत बदलली, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी त्यांच्याशी याच मुद्द्यावर वाद घातला होता. त्याआधी पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारून एकंदर मत बनवलं जाई आणि ते मत पुढे फारसं खरं ठरत नसे. कानमन यांनी सहा गुणवैशिष्ट्यं ठरवली, प्रत्येकासाठी वस्तुस्थितीचे प्रश्न दिले आणि एकाचे गुण मांडल्याशिवाय पुढच्याकडे जायचं नाही, असा नियम केला. मुलाखतकारांची नाराजी पाहून त्यांनी शेवटी एक सवलतही दिली : सगळे गुण मांडून झाल्यावर डोळे मिटा, हा तरुण सैनिक म्हणून कसा असेल ते मनात आणा आणि एक अंक द्या. पुढे पडताळणी झाली तेव्हा नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच सरस ठरली आणि तो डोळे मिटून दिलेला अंकही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. अंतःप्रेरणा उपयोगी पडली, पण आधी सहा गोष्टी नीट पाहून झाल्यावर. आपल्या समितीलाही शेवटी असा एक अंक ठेवता येईल.

या विषयावर नंतर पुष्कळ संशोधन झालं. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आधीच्या अभ्यासांचा फेरआढावा घेतला. मुलाखतीतले गुण आणि पुढे प्रत्यक्ष कामातली कामगिरी यांचा संबंध ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीत सुमारे ०.४२ आणि मोकळ्या मुलाखतीत सुमारे ०.१९ इतका आढळला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत संबंध. म्हणजे उत्तम तयारीची मुलाखतही भविष्य सांगत नाही. पण दोन पद्धतींमधलं अंतर दुपटीहून जास्त आहे.

आता बैठकीतला सगळ्यात मोलाचा भाग, जो बहुतेक ठिकाणी होतच नाही. निकष ठरले, प्रश्न ठरले, पाचपैकी गुण द्यायचे हेही ठरलं. पण पाचपैकी तीन म्हणजे काय? म्हणून प्रत्येक निकषासाठी एक, तीन आणि पाच गुणांचं उत्तर कसं असेल, ते दोन-दोन ओळींत लिहायचं. कर्जाच्या पारखीसाठी : कर्जदारालाच दोष देतो, 'कागदपत्रं सगळी होती' यापुढे जात नाही, तर एक गुण. परतफेडीची ताकद कशी तपासली हे सांगतो, पण आपल्याकडून काय सुटलं ते सांगता येत नाही, तर तीन. धंद्याची आवक-जावक, हंगाम, जामीनदाराची स्थिती पाहिल्याचं सांगतो, चूक कुठे झाली हे ओळखतो आणि नंतर पद्धत काय बदलली तेही सांगतो, तर पाच.

आणि मग त्या वर्णनाची परीक्षा घ्यायची. बैठक घेणाऱ्याने एक नमुना उत्तर लिहून आणावं आणि मोठ्याने वाचावं. समजा ते असं आहे : "एका किराणा दुकानदाराला तीन लाखांचं कर्ज दिलं होतं. कागदपत्रं पूर्ण होती, दोन्ही जामीनदार नोकरदार होते, सिबिल ठीक होता. दिवाळीनंतर हप्ते थांबले. जाऊन पाहिलं तर शेजारी मोठं दुकान उघडलेलं. मग जामीनदारांना नोटिसा काढल्या, पाठपुरावा केला आणि सगळी रक्कम वसूल केली." चौघांनी न बोलता अंक लिहायचा आणि एकदम दाखवायचा. अध्यक्षांचा पाच, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा चार, संचालिकेचा तीन, निवृत्त अधिकाऱ्यांचा दोन.

उत्तर एक, अंक चार. असं पहिल्या वेळी होतंच, आणि ते उमेदवारासमोर होण्याऐवजी इथे झालेलं बरं. प्रत्येकाने कारण सांगायचं. अध्यक्ष म्हणतात, पैसे वसूल झाले, आणखी काय पाहिजे? मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणतात, कागद पूर्ण होते. निवृत्त अधिकारी विचारतात, दुकानाची रोजची विक्री किती, उधारी किती, हप्ता त्यातून निघतो का, यातलं एक तरी वाक्य आलं का? नाही आलं. वसुली चांगली केली हे खरं, पण तिचे गुण दुसऱ्या निकषात आहेत. इथे मोजायची आहे कर्ज देण्याआधीची पारख. दहा मिनिटांच्या बोलण्यानंतर चौघांचं दोनवर एकमत होतं आणि वर्णनात एक ओळ वाढते : 'केवळ कागद पूर्ण असणं तीन गुणांना पुरेसं नाही.' या दहा मिनिटांत चौघांच्या मनातले चार व्यवस्थापक एकमेकांच्या पुष्कळ जवळ येतात. वेळ अगदीच कमी असेल तर बाकीचं थोडं आवरतं घ्यावं, पण हा सराव सोडू नये.

कामाची वाटणी त्या मानाने सोपी. अध्यक्षांनी उमेदवाराचं स्वागत करायचं, मुलाखत कशी होईल ते दोन वाक्यांत सांगायचं आणि घड्याळ सांभाळायचं. चार निकषांचे प्रश्न चौघांत वाटून द्यायचे आणि ज्याचा प्रश्न त्यानेच उपप्रश्न विचारायचे. बाकीच्यांनी ऐकायचं आणि उमेदवाराचे शब्द टिपायचे. पगाराविषयी फक्त मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी बोलायचं, नाहीतर एक जण एक आकडा सांगतो आणि दुसरा दुसरा. अर्ध्या तासाची मुलाखत धरली तर तीन मिनिटं सुरुवातीला, बावीस मिनिटं चार प्रश्नांना, पाच मिनिटं उमेदवाराच्या प्रश्नांना. पुढची दहा मिनिटं खोलीत कोणालाही न बोलावता गुण लिहायला. सहा उमेदवारांना चार तास लागतात, जेवणाची सुट्टी धरून सव्वातीनपर्यंत काम आटपतं. ती दहा मिनिटं वाचवायचा मोह फार होतो. ती गेली की दुपारी चौथ्या उमेदवाराचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर जमा होतं.

काय विचारायचं नाही, हेही याच बैठकीत स्पष्ट बोलून घ्यावं लागतं, कारण आपल्याकडे ते प्रश्न आपुलकीच्या आवाजात येतात. "कुठल्या गावचे? कोणाचे तुम्ही?" "लग्न झालंय का? मिस्टर काय करतात?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. उमेदवाराला मात्र आपली जात, घराणं, संसार तोलला जातोय हे कळतं. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाबाबत अजय हसिया खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हीच तक्रार आली होती : मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटांची आणि प्रश्न आईवडील कोण, राहता कुठे असे. न्यायालयाने तिथले मुलाखतीचे एक तृतीयांश गुण मनमानी ठरवले आणि अशा प्रवेशात १५ टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला नसावेत असं म्हटलं. १९९१ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या अर्जातले स्त्रियांच्या मासिक पाळीविषयीचे आणि गरोदरपणाविषयीचे प्रश्नही न्यायालयाने काढून टाकायला सांगितले. कामाची खरी गरज असेल तर ती सरळ विचारता येते : "शाखा तीस किलोमीटरवर आहे, महिन्याच्या शेवटी रात्री आठ वाजतात, जमेल का?" हा प्रश्न सहाही जणांना, पुरुषांनाही, त्याच शब्दांत.

छोट्या गावात यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे ओळख. सहा उमेदवारांत एखादा कोणाचा भाचा, कोणाच्या मित्राचा मुलगा निघतोच. म्हणून बैठकीच्या सुरुवातीलाच नावांची यादी फिरवायची आणि प्रत्येकाने आपलं नातं किंवा देणंघेणं सांगायचं. यावर लोकांना सुचणारा तोडगा असतो : 'त्याच्या मुलाखतीपुरता मी बाहेर जाऊन बसतो.' हे पुरेसं आहे का? क्रैपाक खटल्यात जम्मू-काश्मीरमधून भारतीय वनसेवेसाठी झालेल्या निवडीत समितीतलेच एक अधिकारी उमेदवारही होते. स्वतःच्या नावाच्या वेळी ते बसले नाहीत, पण प्रतिस्पर्ध्यांच्या वेळी आणि क्रमवारी लावताना बसले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. लोकसेवा आयोगासारख्या घटनात्मक संस्थेत नातेवाईक उमेदवारापुरतं बाजूला होणं चालेल, असं त्याच न्यायालयाने १९८५ मध्ये अशोक कुमार यादव खटल्यात म्हटलं, कारण आयोगाच्या सदस्याला बदली माणूस सहज देता येत नाही. पतसंस्थेला ती अडचण नाही. जवळचं नातं असेल तर त्या पदासाठी तो सदस्यच बदलावा. बैठक आदल्या दिवशी घेण्याचं हे आणखी एक कारण.

उमेदवार आतलाच असेल, म्हणजे संस्थेतलाच लेखनिक बढतीसाठी आला असेल, तर त्याच्याबद्दलच्या चांगल्या-वाईट आठवणी खोलीत त्याच्याआधी येऊन बसलेल्या असतात. त्याच्या सेवेचे गुण द्यायचेच असतील तर ते नोंदींवरून, वेगळ्या रकान्यात. मुलाखतीच्या रकान्यात फक्त त्या अर्ध्या तासात ऐकलेलं.

शेवटचा ठराव बेरजेचा. कर्जाची पारख या शाखेत सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिचे गुण दुप्पट, बाकी तीन निकष एकपट. एकूण पंचवीस. किमान पंधरा हवेत आणि पारखीत सरासरी तीनच्या खाली नको. दोघांचे गुण सारखे आले तर काय, कोणीच पात्र ठरलं नाही तर पुन्हा जाहिरात द्यायची का, हेही आधीच लिहायचं. आंध्र प्रदेशातल्या जिल्हा न्यायाधीशांच्या निवडीत मुलाखती झाल्यावर मुलाखतीतल्या किमान गुणांची अट घालण्यात आली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या मंजुश्री निकालात ती अमान्य केली. २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही निवडीचे नियम मधेच बदलता येणार नाहीत हेच तत्त्व कायम ठेवलं, आणि किमान गुणांसारखी पातळी ठरवायची तर त्या टप्प्याआधी ठरवा असं सांगितलं. हे निकाल सरकारी निवडीचे आहेत. पण खासगी संस्थेतही, आवडता उमेदवार चौदावर अडकलेला दिसल्यावर अट चौदावर आणायला हात शिवशिवतो.

या तयारीचा परिणाम दुपारी दिसतो. समजा तिसऱ्या उमेदवाराला कर्जाच्या पारखीत दोन, चार, चार, चार असे गुण पडले. नियम असा ठरला होता की दोन गुणांचा फरक पडला तर आधी टिपणं वाचायची, मतं नंतर. अध्यक्षांच्या टिपणात आहे : 'आवाज बारीक, दबून बोलतो.' बाकीच्यांच्या टिपणांत आहे : 'उसाच्या बिलाच्या तारखेला हप्ता जुळवला. जामीनदार आणखी दोन कर्जांना जामीन होता, हे उशिरा कळलं. आता जामीनदाराच्या सगळ्या बाक्या तपासतो.' बारीक आवाजाचा पारखीशी संबंध नाही हे वाचताच कळतं. अध्यक्ष आपला अंक चार करतात. जुना अंक खोडायचा नाही, शेजारी नवा लिहून सही करायची. पारखीची सरासरी साडेतीनवरून चारवर जाते, दुपटीने आठ. इतर निकषांत सरासरी तीन, चार आणि तीन. एकूण अठरा. अंक बदलला नसता तर सतरा झाले असते आणि साडेसतरा गुणांचा, सफाईदार बोलणारा पाचवा उमेदवार पुढे गेला असता. बोलायची पाळी अध्यक्षांवर सगळ्यात शेवटी आली, हेही इथे कामाला आलं. त्यांनी सकाळीच "हा काही चालायचा नाही" म्हटलं असतं, तर बाकीच्या तिघांचे चार कदाचित तीन झाले असते.

बैठकीतलं ठरलेलं पाळलं गेलं की नाही, हे गुणतक्ते चाळून ओळखता येतं. एखाद्याने सहाही जणांना सगळीकडे तीन-साडेतीन दिले असतील तर त्याने निवड केलेलीच नाही, सोपवून दिली आहे. एखाद्या उमेदवाराचे चारही रकाने सारखे उंच किंवा सारखे खाली असतील तर एका छापाने बाकीचं झाकलं असण्याची शक्यता मोठी. एकूण बेरीज स्वच्छ आणि आतले अंक खाडाखोडीचे असतील तर बेरीज आधी ठरली होती. आणि टिपणांचा रकाना कोरा असेल तर त्या अंकांवर चर्चाच करता येत नाही.

एक प्रसंग मात्र दरवेळी येतो, त्याचीही तजवीज बैठकीतच करून ठेवावी. आदल्या दिवशी न आलेले एखादे संचालक मुलाखतीच्या दिवशी पावणेअकराला येतात आणि खुर्ची ओढून बसतात. त्यांना नाही म्हणणं कोणालाच जमत नाही. त्यांनी बसावं, ऐकावं, शेवटच्या पाच मिनिटांत उमेदवाराला संस्थेबद्दल सांगावं. गुणतक्ता मात्र त्यांच्यापुढे ठेवू नये. हे त्यांना अध्यक्षांनी स्वतः, आदल्या संध्याकाळी फोन करून सांगितलेलं असावं.